मागे घेतलेल्या निबंधांची गणती

तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या रक्तवाहिन्यांतील द्रव कमी होतो आणि रक्तदाब खालावतो. अशा वेळी शिरेतून द्रव देऊन ती उणीव भरून काढावी लागते. साधे मिठाचे पाणी द्यावे, की मका अथवा बटाटा यांच्या पिष्टापासून बनविलेले ‘हायड्रॉक्सिएथिल स्टार्च’ या पदार्थाचे द्रावण द्यावे, हा वाद वैद्यकात कित्येक वर्षे चालला होता. पिष्टाचे कण आकाराने मोठे असल्यामुळे ते रक्तवाहिनीतून लवकर निसटत नाहीत, त्यामुळे थोड्या द्रवाने अधिक काळ काम भागते, असे पिष्टाच्या बाजूचे म्हणणे होते. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, हाच पदार्थ मूत्रपिंडात साचून त्यास इजा करतो. प्रत्येक रुग्णालयाने केलेल्या चाचण्या लहान होत्या. कोठे 50 रोगी, तर कोठे 100. एवढ्या अल्प संख्येवरून मृत्यूविषयी काही ठरविता येत नाही. म्हणून त्या सर्व चाचण्या एकत्र करून त्यांचा एकच हिशेब मांडणारा पूर्वसंशोधनाचा आढावा हाच या प्रश्नाच्या निर्णयाचा मार्ग होता.

असा आढावा घेणाऱ्याच्या वाट्यास जी एक सामान्य दिसणारी, परंतु वस्तुतः निर्णायक अशी जबाबदारी येते, तिचा विचार येथे करावयाचा आहे. ज्या शोधनिबंधावर आपण विसंबणार, तो लेखकाने किंवा संपादकाने पुढे मागे तर घेतला नाही ना, अथवा त्यावर शुद्धिपत्र तर निघाले नाही ना, हे पाहणे, ही ती जबाबदारी होय. पुष्कळ अभ्यासक ही गोष्ट छपाईपूर्वी शुद्धलेखन तपासण्यासारखी समजतात. लेखन पूर्ण झाले, आता संदर्भांवरून एक नजर फिरवावी, अशी त्यांची वृत्ती असते. माझ्या मते ही तपासणी आढाव्याच्या गणिताचाच भाग मानली पाहिजे, कारण तिच्यामुळे उत्तर बदलते. ते कसे बदलते हे पिष्टाच्या याच प्रकरणावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होईल.

जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील रुग्णालयात योआखिम बोल्ट हे भूलतज्ज्ञ होते. पिष्टाच्या द्रावणांवर त्यांनी अतिशय मोठ्या प्रमाणात लेखन केले होते आणि त्या विषयातील ते एक अग्रगण्य अधिकारी समजले जात. 2009 च्या डिसेंबरात ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया’ या अमेरिकेतील मासिकात त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय व फुप्फुसे यांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रात प्रथम कोणता द्रव भरावा, हा त्याचा विषय होता. काही वाचकांनी निबंधातील आकडे बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांस एक चमत्कारिक गोष्ट दिसली. रक्तातील एका घटकाची मापे वेगवेगळ्या रोग्यांत जितकी भिन्न यावयास हवीत, तितकी ती आलेली नव्हती. माणसे सारखी नसतात, परंतु निबंधातील माणसे फारच सारखी होती. त्यांनी संपादक स्टीव्हन शेफर यांस पत्रे लिहिली. संपादकांनी चौकशीची मागणी केली. या अभ्यासास नीतिसमितीची संमतीच नव्हती आणि निबंधात वर्णन केल्याप्रमाणे तो झाला यास आधार मिळत नाही, असे चौकशीत आढळले. 2010 च्या ऑक्टोबरात तो निबंध मागे घेण्यात आला.

प्रकरण येथे थांबले नाही. त्या प्रांताच्या वैद्यकीय परिषदेने बोल्ट यांचे अन्य लेख तपासावयास घेतले. 2011 च्या पूर्वार्धात अनेक भूल व अतिदक्षता विषयक नियतकालिकांच्या संपादकांनी संयुक्त निवेदन काढून, नीतिसमितीची संमती न घेता केलेल्या अभ्यासांवर आधारलेले ऐंशीहून अधिक निबंध मागे घेण्यात येतील, असे जाहीर केले.

आता या काळात पिष्टावर आढावा लिहिणारा एखादा अभ्यासक डोळ्यांपुढे आणावा. त्याने 2010 च्या उन्हाळ्यात निबंध गोळा केले. त्या वेळी बोल्ट यांच्या कोणत्याही लेखावर डाग नव्हता. हिवाळ्यात त्याने आकडे काढून कोष्टके तयार केली. तोपर्यंत एक निबंध मागे घेतला गेला होता, परंतु तो त्याच्या यादीत नसेल, तर त्यास काहीच कळले नसावे. 2011 च्या वसंतात त्याने हस्तलिखित नियतकालिकाकडे धाडले. त्याच सुमारास ती यादी जाहीर झाली. म्हणजे निबंध गोळा करतेवेळी केलेली तपासणी कितीही काटेकोर असली, तरी प्रसिद्धीच्या दिवशी ती शिळी झालेली होती. यावरून पहिला नियम आपोआप निघतो: तपासणी दोनदा करावी, एकदा निबंध निवडताना आणि पुनश्च हस्तलिखित हातावेगळे करण्याच्या आदल्या आठवड्यात. छपाईची अंतिम मुद्रिते हाती आली असता तिसऱ्यांदा केली तर उत्तमच. ‘कॉक्रेन’ ही आढावे प्रसिद्ध करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या लेखकांस, समाविष्ट निबंधांविषयी निघालेली मागे घेतल्याची निवेदने व शुद्धिपत्रे पाहणे बंधनकारक करते. तसेच निबंधांचा शोध प्रसिद्धीपूर्वीच्या बारा महिन्यांत पुन्हा घ्यावा, असेही ती सांगते. बारा महिने ही मुदत शोधापुरती ठीक असेल, परंतु मागे घेतल्याच्या तपासणीस ती फार लांब आहे, असे मला वाटते. ही तपासणी एका दुपारचे काम आहे. तिला वर्षाची सवलत कशास हवी?

आपल्या अभ्यासकाने यादी जाहीर झाल्यानंतर वाट पाहिली असती आणि प्रत्येक निबंधापाशी जाऊन पाहिले असते, तर त्यास काय दिसले असते? येथे दुसरी अडचण येते. मागे घेण्याची घोषणा एके दिवशी होते, परंतु ती अमलात येते निरनिराळ्या नियतकालिकांत, निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या रीतींनी. या 88 निबंधांचे पुढे काय झाले याचा शोध घेऊन 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, 9 निबंधांवर तोपर्यंत मागे घेतल्याची सूचना लागलेलीच नव्हती. बाकीच्यांतही सर्वत्र एकसारखी वागणूक नव्हती. कोठे लेखाच्या पानांवर ठळक शिक्का होता, कोठे केवळ वेगळे निवेदन छापून मूळ लेख जसाच्या तसा ठेवला होता.

ग्रंथालयात बसून काम करणाऱ्या वाचकाने तर येथे विशेष सावध असावयास हवे. कपाटातील बांधीव खंडात 2009 चा तो निबंध आजही तसाच स्वच्छ आहे. त्याच्यावर शिक्का मारावयास कोणी आले नाही आणि मागे घेतल्याचे निवेदन पुढील खंडात, निराळ्याच पानावर छापलेले आहे. संगणकावर उतरवून ठेवलेल्या प्रतीचे हेच आहे. आपण ज्या दिवशी प्रत उतरविली, त्या दिवशीची स्थिती ती दाखविते. मी स्वतः एकदा जुन्या साठ्यातील एका प्रतीवरून टिपणे काढीत असता, तो निबंध चार वर्षांपूर्वीच मागे घेतला गेल्याचे एका विद्यार्थ्याने मला दाखवून दिले. मला त्या प्रतीत दोष दिसला नव्हता, कारण प्रतीत दोष नव्हताच. म्हणून तपासणी करावयाची ती हातातील प्रतीची नव्हे, तर निबंधाच्या आजच्या नोंदीची, ही गोष्ट मनात पक्की असावी.

ती नोंद कोठे पाहावी? वैद्यकीय विषयांपुरते बोलावयाचे तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सूची सर्वांस विनामूल्य खुली आहे. मागे घेतलेल्या निबंधाच्या नोंदीवर तेथे ठळक सूचना असते आणि मागे घेण्याच्या निवेदनाकडे नेणारा दुवाही असतो. शुद्धिपत्र निघाले असल्यास त्याचाही दुवा त्याच नोंदीत मिळतो. यादी मोठी असेल, तर प्रत्येक निबंध एकेक उघडून पाहण्याचे कारण नाही. या सूचीत प्रत्येक निबंधास एक क्रमांक असतो. आपल्या यादीतील सर्व क्रमांक ‘OR’ या शब्दाने जोडून त्यांतून मागे घेतलेले तेवढेच मागता येतात:

```
(11111111[pmid] OR 22222222[pmid]) AND retracted publication[pt]
```

येथे मी घातलेले क्रमांक केवळ नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी आपले घालावेत. उत्तरात एकही नोंद आली नाही, तर त्या दिवशी, त्या सूचीच्या माहितीप्रमाणे, आपल्या यादीतील कोणताही निबंध मागे घेतलेला नाही. या वाक्यातील दोन्ही मर्यादा मी मुद्दाम लिहिल्या आहेत. याच रीतीने `expression of concern[pt]` असे लिहून शोध घेतला, तर संपादकांनी साशंकता व्यक्त करणारी जी निवेदने काढली ती सापडतात. परंतु तो शोध निवेदनाचीच नोंद देतो, मूळ निबंधाची नव्हे. त्यामुळे तो विषयाच्या किंवा लेखकाच्या नावासह घ्यावा लागतो.

भौतिकी, रसायन, मानसशास्त्र इत्यादी विषयांचे सर्व निबंध पबमेडमध्ये नसतात. त्यांसाठी ‘रिट्रॅक्शन वॉच’ या नावाने ओळखली जाणारी नोंदवही पाहावी. 2010 साली आयव्हन ओरान्स्की व अ‍ॅडम मार्कस या दोन पत्रकारांनी मागे घेतलेल्या निबंधांच्या बातम्या देण्यास आरंभ केला आणि त्यातून ही नोंदवही उभी राहिली. 2023 साली क्रॉसरेफ या संस्थेने ती घेऊन सर्वांस मुक्त केली. आता तिच्यात 50 हजारांहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत निबंध मागे घेण्याचे कारणही दिलेले असते, हा तिचा मोठा गुण होय. शिवाय निबंधांचा संग्रह ठेवणारा ‘झोटेरो’ हा विनामूल्य कार्यक्रम 2019 पासून याच नोंदवहीशी ताडून पाहून, संग्रहातील एखादा निबंध मागे घेतला गेल्यास आपणहून इशारा देतो. निबंधाच्या पानावर ‘Check for updates’ असे लिहिलेले एक चिन्ह अनेक प्रकाशक ठेवतात. ते दाबल्यासही सद्यःस्थिती समजते, मात्र प्रकाशकाने ती कळविली असली पाहिजे.

इतके केल्यावर अभ्यासकास आपले कर्तव्य झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पिष्टाच्या प्रकरणाचा खरा बोध यापुढेच आहे.

2013 च्या फेब्रुवारीत कॅनडातील रायन झारिचान्स्की व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विषयाचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या निकषांत 38 चाचण्या बसल्या, आणि ज्या चाचण्यांतून मृत्यूंची माहिती मिळत होती त्यांत मिळून 10,880 रोगी होते. या सर्वांचा एकत्र हिशेब केल्यावर उत्तर आले 1.07. याचा अर्थ असा की, दुसरे द्रव दिलेल्या गटात जर 100 रोगी मरण पावले असतील, तर पिष्ट दिलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात 107 मरण पावतील. परंतु नमुन्यावरून काढलेल्या उत्तरास नेहमी दोन सीमा जोडलेल्या असतात आणि खरे प्रमाण बहुधा त्यांच्या दरम्यान असते. येथे त्या सीमा 1.00 ते 1.14 अशा होत्या. खालची सीमा बरोबर एकावर येऊन टेकली होती. एक म्हणजे काहीच फरक नाही. तेव्हा पिष्टामुळे मृत्यू वाढतात असे ठामपणे म्हणावे की म्हणू नये, या उंबरठ्यावर उत्तर थांबले होते.

त्या 38 चाचण्यांत 7 चाचण्या बोल्ट यांच्या होत्या. त्यांत रोगी 590. म्हणजे अठरांत जेमतेम एक. झारिचान्स्की यांनी या सात चाचण्या वगळून तोच हिशेब पुन्हा मांडला. आता रोगी उरले 10,290 आणि उत्तर आले 1.09, सीमा 1.02 ते 1.17. खालची सीमा एकाच्या वर सरकली. मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण 1.27 पट आणि यंत्राने रक्त शुद्ध करण्याची पाळी येण्याचे प्रमाण 1.32 पट आढळले. मृत्यूंचा फरक दर हजारी सांगावयाचा तर सुमारे 15 जादा मृत्यू. 1.07 आणि 1.09 यांत सामान्य माणसास फारसा भेद दिसणार नाही. परंतु ‘सांगता येत नाही’ आणि ‘धोका आहे’ या दोन वाक्यांमधील अंतर त्यात सामावलेले आहे, आणि अतिदक्षता विभागातील वैद्य त्या वाक्यांवरूनच कोणती बाटली उचलावयाची ते ठरवितो.

येथे कोणी म्हणेल की, वजाबाकी एवढी लहान असता फरक पडला तो योगायोगाने, सीमा एकापाशी होती म्हणून. ते खरे आहे. परंतु 2012 साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील 7,000 रोग्यांची आणि स्कॅंडिनेव्हियातील सुमारे 800 रोग्यांची अशा चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यामुळे 2013 च्या आढाव्यात त्या सात चाचण्यांचे वजन कमी झाले होते. या मोठ्या चाचण्या निघण्यापूर्वी, जेव्हा सर्व पुरावा लहान चाचण्यांचाच होता, तेव्हा 590 रोग्यांचा वाटा किती मोठा पडत असेल, याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा.

आता त्या सात चाचण्यांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. त्या मागे घेतलेल्या नव्हत्या. बोल्ट यांचे जे निबंध 2011 साली मागे घेण्याचे ठरले, ते त्यांच्या उत्तरकाळातील होते. त्यांच्या आधीच्या चाचण्यांवर त्या वेळी कोणतीच सूचना नव्हती. वर सांगितलेल्या रीतीने पबमेडमध्ये त्या सातांचे क्रमांक घालून विचारले असते, तर 2013 साली उत्तर कोरे आले असते. झारिचान्स्की यांनी केवळ निबंध तपासले नाहीत, निबंधांचे लेखकही तपासले, म्हणून त्यांस हा धोका दिसला. पुढे बोल्ट ज्या गीसेन विद्यापीठात पूर्वी होते, तेथील काळातील लेखांवरही कारवाई होऊ लागली आणि मागे घेतलेल्या त्यांच्या लेखांची एकूण संख्या दीडशेच्या पलीकडे गेली. पण हे सर्व 2013 नंतरचे.

म्हणून माझे मत असे आहे की, आढाव्यातील प्रत्येक निबंधाच्या पहिल्या व शेवटच्या लेखकाचे नाव नोंदवहीत घालून पाहिल्यावाचून तपासणी पूर्ण समजू नये. हे काम निबंध तपासण्यापेक्षा थोडे किचकट आहे, कारण नावे सारखी असतात. विशेषतः चिनी, कोरियन व आपल्याकडील अनेक आडनावांच्या बाबतीत केवळ आद्याक्षरांवर विसंबले, तर निरपराध माणसावर दुसऱ्याचे पाप चिकटविले जाईल. संस्था, विषय आणि सहलेखक जुळतात की नाही हे पाहूनच ओळख पटवावी.

एखाद्या लेखकाचा एखादा निबंध मागे घेतलेला आढळला, तर त्याचे बाकीचे सर्व लेखन टाकून द्यावयाचे काय? तसे मुळीच नाही. येथे निवेदनात दिलेले कारण वाचणे आवश्यक ठरते. 2013 साली स्पेनमधील एका मोठ्या आहार-चाचणीचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘प्रेडिमेड’ या नावाने ती चाचणी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह तेल अथवा सुका मेवा यांसह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्या लोकांत हृदयविकार व पक्षाघात कमी आढळले, असा तिचा निष्कर्ष होता. इंग्लंडमधील भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी हजारो चाचण्यांतील आकड्यांची जी संख्याशास्त्रीय छाननी केली, तिच्यात या चाचणीतील गटांची वाटणी संशयास्पद दिसली. लेखकांनी स्वतः नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा असे कळले की, काही घरांतील दुसऱ्या व्यक्तीस चिठ्ठी न टाकताच पहिल्या व्यक्तीचा आहार दिला गेला होता आणि एका केंद्रात तर संपूर्ण दवाखान्यास एकच आहार नेमून दिला होता. 2018 च्या जूनमध्ये लेखकांनी तो निबंध मागे घेतला आणि त्याच दिवशी दुरुस्त हिशेब असलेला नवा निबंध प्रसिद्ध केला. आकडे फारसे बदलले नाहीत, मात्र आहारामुळेच हा लाभ झाला असे ठासून सांगणारी भाषा सौम्य करण्यात आली. येथे लबाडी नव्हती, चूक होती, आणि ती लेखकांनी उघडपणे दुरुस्त केली. आढावा लिहिणाऱ्याने अशा प्रसंगी 2013 चा निबंध काढून त्या जागी 2018 चा घालावयाचा आणि आपल्या कोष्टकातील आकडे व वाक्ये दोन्ही त्यावरून सुधारावयाची. निबंधाचे नाव बदलून आकडे जुनेच ठेवणे ही चूक मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे.

साध्या शुद्धिपत्राच्या बाबतीतही हेच. एखाद्या कोष्टकात दोन स्तंभांची शीर्षके उलटसुलट झाली असतील, तर शुद्धिपत्र दोन ओळींचे असते, परंतु त्यामुळे लाभाचा तोटा होतो. आढाव्यात आकडे उतरविताना कोणत्या आवृत्तीवरून उतरविले याची नोंद कोष्टकाच्या कडेला ठेवली, तर पुढे शंका उरत नाही.

बोल्ट यांच्या यादीवर एक युक्तिवाद केला जात असे, त्याचाही येथे परामर्श घेतला पाहिजे. ते निबंध नीतिसमितीची संमती नव्हती म्हणून मागे घेतले, आकडे खोटे ठरले म्हणून नव्हे, मग आकडे का टाकावे, असा तो युक्तिवाद. वरवर पाहता तो न्याय्य वाटतो. परंतु नीतिसमितीची संमती हा केवळ रोग्याच्या हक्काचा दाखला नसतो. अमुक अभ्यास, अमुक इतक्या रोग्यांवर, अमुक रीतीने करण्याचे ठरले होते, याचा निबंधाबाहेरचा तो लेखी पुरावा असतो. तो नसेल, तर अभ्यास खरोखर झाला असे सांगणारे लेखकावाचून दुसरे कोणी उरत नाही. त्याच लेखकाच्या दुसऱ्या निबंधाविषयी गंभीर दोष सिद्ध झालेला असता, त्या एकट्याच्या शब्दावर रोग्यांच्या जीविताचा हिशेब उभा करणे मला मान्य नाही.

मागे न घेतलेल्या, परंतु अशा लेखकाच्या निबंधांबाबत मात्र मी वगळण्याचा सरसकट नियम सुचवीत नाही. हिशेब दोनदा मांडावा, त्यांच्यासह एकदा आणि त्यांच्याविना एकदा, आणि दोन्ही उत्तरे वाचकापुढे ठेवावीत. मुख्य निष्कर्ष त्यांच्याविना काढलेल्या उत्तरावर आधारावा. मुकाट्याने वगळणे मात्र समावेश करण्याइतकेच सदोष आहे, कारण मग पुढील अभ्यासकास वाटते की, हा निबंध पाहावयाचाच राहिला, आणि तो मोठ्या निष्ठेने परत आत घेतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारावर माशांच्या तेलातील स्निग्धाम्लांचा उपयोग होतो, असे सांगणारा एक जपानी निबंध ‘चेस्ट’ या नियतकालिकात 2005 साली आला आणि आकडे बनावट असल्यामुळे 2008 साली मागे घेण्यात आला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, मागे घेतल्यानंतर त्या निबंधाचा आधार कोणी कोणी घेतला हे शोधून काढले. असे 112 उल्लेख तपासले असता, त्यांतील 107 उल्लेखांत तो मागे घेतल्याचा निर्देशही नव्हता. अशा लेखकांपैकी किती जणांनी मूळ निबंध उघडला असेल? एका आढाव्यातून दुसऱ्या आढाव्यात, तेथून पाठ्यपुस्तकात, असे वाक्य संदर्भासह उचलले जाते. म्हणूनच दुसऱ्याच्या आढाव्यावरून घेतलेला संदर्भ आपण स्वतः उघडल्यावाचून आपल्या यादीत लिहू नये.

आढाव्याच्या रीतिविषयक भागात या सर्वांची नोंद चार-पाच ओळींत मावते. पिष्टाच्या आढाव्यासाठी ती साधारणतः अशी लिहिता येईल: ‘समाविष्ट सर्व निबंध पबमेड व रिट्रॅक्शन वॉच यांत अमुक तारखेस व पुन्हा अमुक तारखेस तपासले. अमुक निबंध मागे घेतलेले आढळल्यामुळे हिशेबातून काढले. त्यांची नावे व मागे घेण्याची कारणे परिशिष्टात दिली आहेत. अमुक निबंध मागे घेतलेले नाहीत, तथापि त्यांच्या प्रमुख लेखकाचे अन्य निबंध मागे घेण्यात आले असल्यामुळे हिशेब त्यांच्यासह व त्यांच्याविना असा दोनदा मांडला आहे.’ तारखा लिहिण्यास संकोच करू नये. त्या तारखेनंतर काही घडले, तर दोष आपल्याकडे येत नाही आणि वाचकास कोठपासून पुढे पाहावयाचे ते कळते.

पिष्टाच्या द्रावणांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली तीव्र इशारा छापावयास लावला आणि युरोपात 2022 साली त्यांची विक्री स्थगित करण्याचा निर्णय झाला. बोल्ट यांचे 2009 च्या आधीचे निबंध ज्या खंडांत आहेत, ते खंड अद्याप अनेक ग्रंथालयांच्या कपाटांत असतील. ग्रंथपालांनी अशा खंडाच्या आतील बाजूस, नोंदवहीत पाहून, एक चिठ्ठी चिकटवून ठेवली, तर तो खंड उघडणाऱ्या पुढच्या वाचकाची एक दुपार वाचेल.